नोंदवहीची पाने आणि राउटरची गती : डब्ल्यूआरटी५४जी या उपकरणाच्या मर्यादांचा इतिहास

घरगुती राउटर मंदावला म्हणजे त्याला जोडलेल्या उपकरणांची संख्या वाढली, असे कारण सर्रास सांगितले जाते. उत्पादकही आपल्या मालाच्या वेष्टनावर अमुक इतक्या उपकरणांसाठी हा राउटर पुरेसा आहे, असे छापतात. या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु तो अंशच आहे. राउटरच्या अंतर्गत रचनेत उपकरणांची गणना करून त्यानुसार गती ठरविणारी व्यवस्था मुळात नाही. तो मोजतो ते संवाद, आणि हाताळतो ती पॅकेटे. एखाद्या घरात वीस उपकरणे शांतपणे जोडलेली असताना राउटर विनासायास चालतो, आणि दुसऱ्या घरात एकच संगणक त्याला पुरता जेरीस आणतो, ही गोष्ट वरील समजुतीने उलगडत नाही. तिचा उलगडा व्हावयाचा तर राउटरची स्मृती नेमकी कशासाठी खर्च होते आणि त्याचा प्रोसेसर कोणत्या कामात गुंततो, हे एखाद्या ठरावीक उपकरणाच्या इतिहासातून पाहणे अधिक उपयुक्त ठरते. लिंकसिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आणलेले डब्ल्यूआरटी५४जी हे उपकरण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण त्याच्या आज्ञावलीचा मूळ पाठ पुढील वर्षीच सर्वांसाठी खुला झाला, आणि स्वस्त राउटरच्या पोटात काय चालते हे बाहेरच्या अभ्यासकांना प्रथमच ओळीओळीने वाचता आले.

या विषयाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. १९९४ च्या मे महिन्यात एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या क्रमांकाने पत्त्यांच्या भाषांतराची पद्धती मांडली. इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडू लागले होते; म्हणून घरातील किंवा कचेरीतील अनेक संगणकांनी एकाच बाह्य पत्त्याआडून बोलावे, आणि मधल्या राउटरने पत्त्यांची अदलाबदल करून द्यावी, अशी ही योजना होती. लेखकांनी ती तात्पुरता उपाय म्हणून सुचविली होती. तात्पुरत्या उपायांच्या नशिबी पुष्कळदा जे येते तेच तिच्याही आले, आणि ती कायमची होऊन बसली. या पद्धतीने राउटरच्या स्वरूपात एक मूलभूत पालट घडवून आणला. तोपर्यंतचा राउटर टपाल कचेरीतील वर्गवारी करणाऱ्या कारकुनासारखा होता; पत्ता वाचावा, योग्य पिशवीत टाकावे आणि विसरून जावे. पत्त्यांचे भाषांतर करावयाचे म्हटल्यावर मात्र विसरून चालत नाही. बाहेरून आलेले उत्तर घरातील कोणत्या संगणकाच्या कोणत्या प्रश्नाचे आहे, हे ठाऊक असण्यासाठी प्रत्येक संवादाची नोंद ठेवावी लागते. राउटरला अशा रीतीने नोंदवही आली, आणि नोंदवही आली की तिच्या पानांचा प्रश्न ओघानेच आला.

जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत ही नोंदवही `ip_conntrack` या नावाने आढळते. डब्ल्यूआरटी५४जीच्या आरंभीच्या आवृत्त्या याच लिनक्सवर चालत. पहिल्या आवृत्तीत १२५ मेगाहर्ट्झ गतीचा ब्रॉडकॉमचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट कार्यस्मृती आणि ४ मेगाबाइट स्थायी स्मृती होती. दुसऱ्या आवृत्तीपासून प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा झाला, कार्यस्मृती मात्र १६ मेगाबाइटच राहिली. त्याच काळातील साध्या घरगुती संगणकाची स्मृती याच्या दहापटीहून अधिक असे.

नोंदवहीत किती नोंदी मावाव्यात हे २.४ आवृत्तीत एका साध्या सूत्राने ठरे. एकूण स्मृतीला १६,३८४ ने भागावयाचे आणि त्या भागाकाराला पुन्हा ८ ने भागावयाचे. येणारी संख्या म्हणजे नोंदवहीतील कप्प्यांची संख्या. प्रत्येक कप्प्यामागे आठ नोंदी धरून कमाल मर्यादा काढली जाई. १६ मेगाबाइट म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. त्यांना १६,३८४ ने भागल्यास १,०२४ येतात, आणि ८ ने भागल्यास १२८ कप्पे. आठ नोंदींच्या हिशेबाने कमाल नोंदी पुन्हा १,०२४. दर १६ किलोबाइट स्मृतीमागे एक संवाद, असे या सूत्राचे तात्पर्य आहे. एका नोंदीला प्रत्यक्षात सुमारे तीनशे ते साडेतीनशे बाइट लागत, म्हणजे पूर्ण भरलेली वहीसुद्धा साडेतीनशे किलोबाइटांच्या आसपासच जाई. सूत्र सावधपणाचे होते यात शंका नाही. पण ते सर्वसाधारण संगणकाकडे पाहून रचलेले होते. केवळ इतरांचे संवाद पोचविणे हेच ज्याचे जीवितकार्य त्या लहानशा उपकरणाकडे पाहून नव्हे. निर्मात्याला हा आकडा बदलण्याची मुभा होती आणि काहींनी तो बदललाही. तथापि मूळ सूत्राचा परिणाम समजल्याखेरीज त्या फेरफारांचा अर्थ लागत नाही.

वहीच्या आकाराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे नोंद किती काळ ठेवावयाची. संवाद संपल्याचा निरोप दोन्ही बाजूंनी रीतसर दिला गेला तर नोंद थोड्याच वेळात पुसली जाते. परंतु संगणक एकाएकी बंद झाला, किंवा पलीकडचा माणूस निरोप न देताच निघून गेला, तर संवाद संपला की नुसताच थबकला आहे हे राउटरला कळण्याचा मार्ग नाही. अशा प्रस्थापित टीसीपी संवादाची नोंद लिनक्सने ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस, राखून ठेवावयाची असे ठरविले होते. यूडीपी प्रकारच्या संवादाला निरोपाची पद्धतच नाही. तेथे एका प्रश्नोत्तरासाठी ३० सेकंद, आणि देवघेव पुढे चालू राहिल्यास १८० सेकंद अशी मुदत होती. पाच दिवसांची मुदत दूरच्या यंत्राशी तासन्‌तास निःशब्द जोडलेल्या अभ्यासकाच्या सोयीची होती. २००१ साली ती कोणाला खटकण्याचे कारण नव्हते.

खटकण्याचे कारण निराळ्या दिशेने आले. ब्रॅम कोहेन याने २००१ मध्ये बिटटॉरेंट ही संचिकावाटपाची पद्धती प्रसिद्ध केली. तीत एकच संगणक एकाच वेळी शेकडो अनोळखी संगणकांशी बोलू लागतो, आणि हे अनोळखी सोबती सतत येत व जात असतात. २००५ मध्ये तिच्यात यूडीपीवर चालणाऱ्या विकेंद्रित शोधाची भर पडली, तेव्हा लहान लहान प्रश्नोत्तरांचा आणखी एक प्रवाह सुरू झाला.

याचा नोंदवहीवर कोणता परिणाम होतो ते एका कल्पित, परंतु साध्या उदाहरणाने पडताळून पाहता येते. घरात चार संगणक आहेत असे धरावे. त्यांपैकी तीन साधी पाने वाचण्यात गुंतले असून त्यांच्या मिळून शंभर नोंदी वहीत आहेत. चौथ्यावर बिटटॉरेंट चालू असून त्याचे दोनशे जिवंत संवाद आहेत. वहीची १,०२४ पाने धरल्यास ७२४ पाने अद्याप कोरी आहेत. म्हणजे परिस्थिती निश्चिंत दिसते. आता या दोनशे सोबत्यांपैकी दर मिनिटाला सरासरी दोन सोबती निरोप न देता नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, एवढेच गृहीत धरावे. प्रत्येक नाहीसा झालेला सोबती आपली नोंद पाच दिवसांसाठी मागे ठेवून जातो. ७२४ भागिले २, म्हणजे ३६२ मिनिटे. सायंकाळी सहाला सुरू केलेले काम मध्यरात्रीच्या सुमारास वही भरून टाकते. जिवंत संवाद तेव्हाही तीनशेच असतात. उरलेली ७२४ पाने मृतांच्या नोंदींनी अडविलेली असतात. उपकरणांची संख्या या सहा तासांत एकानेही वाढलेली नाही, इंटरनेटची जोडणी तीच आहे, आणि सायंकाळी सुरळीत चाललेला राउटर मध्यरात्री कामातून गेला आहे.

भरलेल्या वहीसमोर नवा संवाद आला म्हणजे काय घडते, याचेही उत्तर आज्ञावलीत स्पष्ट आहे. ज्या कप्प्यात नवी नोंद जावयाची, त्यातील एखादी अप्रस्थापित नोंद काढून जागा करता येते का, हे प्रथम पाहिले जाते. दोन्ही बाजूंची देवघेव होऊन जी नोंद एकदा खात्रीची ठरली तिला हात लावला जात नाही. मेलेले टीसीपी संवाद मरण्यापूर्वी खात्रीचे ठरलेले असतात. तेव्हा त्यांना संरक्षण मिळते. नुकताच जन्मलेला संवाद मात्र अजून खात्रीचा नसतो. तो नाकारला जातो. अशा वेळी यंत्राच्या दप्तरात पुढील ओळ उमटत राहते :

```
ip_conntrack: table full, dropping packet.
```

या व्यवस्थेतून दिसणारी लक्षणे मोठी चमत्कारिक असतात, आणि ती ओळखता आली तर रोगाचे निदान बव्हंशी होते. आधीपासून चालू असलेली संचिका उतरतच राहते, चालू संभाषण तुटत नाही. पण नवे पान उघडत नाही, आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यास मध्येच एखादे उघडते. नावावरून पत्ता शोधण्याची विचारणा हाही एक नवाच संवाद असल्यामुळे पुष्कळदा पहिला अडथळा तेथेच येतो, आणि घरातील माणसे सेवादात्याला दोष देतात. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की सर्व काही पूर्ववत होते. या घरगुती उपायाची थट्टा करण्याचे कारण नाही. वही कोरी करण्याचा तो एकच मार्ग सामान्य माणसाच्या हाती होता. अर्थात राउटर पुन्हा सुरू केल्याने इतरही अनेक बिघाड दूर होतात, म्हणून केवळ त्या उपायाने गुण आला एवढ्यावरून वही भरली होती असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

ज्यांना राउटरच्या आत शिरता येत असे त्यांना मात्र तर्काची आवश्यकता नव्हती. २.४ आवृत्तीवर पुढील दोन आज्ञांनी वहीतील चालू नोंदींची संख्या आणि तिची कमाल मर्यादा समोर येई :

```
wc -l /proc/net/ip_conntrack
cat /proc/sys/net/ipv4/ip_conntrack_max
```

पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ पोचला असेल तर दोष स्मृतीच्या वाटपात आहे. तो त्याहून पुष्कळ खाली असूनही गती मंद असेल तर कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

या निदानावर त्या काळी जो लोकप्रिय उपाय निघाला तो वहीची मर्यादा १,०२४ वरून ४,०९६ पर्यंत वाढविण्याचा. साडेतीनशे बाइटांच्या हिशेबाने त्यासाठी सुमारे १४ लाख बाइट लागतात, आणि १६ मेगाबाइटांपैकी आज्ञावली व तिची इतर कामे वगळून जे थोडेसे मोकळे उरते त्यात ते कसेबसे बसतात. न बसल्यास लिनक्स एखादे चालू काम ठार मारून स्मृती मोकळी करतो. आणि ते काम पत्ते वाटण्याचे असले तर घरातील नव्या उपकरणाला जोडणीच मिळत नाही. परंतु स्मृती पुरली तरीही या उपायाची एक किंमत होती, आणि ती प्रोसेसरला मोजावी लागे. स्मृती आणि प्रोसेसर या दोन मर्यादा वेगवेगळ्या मानण्याची जी पद्धत आहे ती येथे अपुरी पडते, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने पाहणे इष्ट आहे.

नोंद शोधावयाची पद्धत अशी की, पॅकेटातील पत्त्यांवरून एक संख्या काढून तिच्या आधारे कप्पा ठरतो, आणि मग त्या कप्प्यातील साखळी एकेका नोंदीने तपासली जाते. प्रत्येक संवाद जाण्याच्या व येण्याच्या अशा दोन दिशांनी दोनदा साखळीत गुंफलेला असतो. १,०२४ संवादांच्या २,०४८ कड्या १२८ कप्प्यांत वाटल्या तर साखळीची सरासरी लांबी १६ होते. मर्यादा ४,०९६ केली, पण कप्पे १२८ च ठेवले, तर तीच लांबी ६४ वर जाते. कप्प्यांची संख्या राउटर सुरू होतानाच ठरत असल्यामुळे मर्यादा वाढविणारे बहुतेक लोक तिला हात लावीत नसत. नव्या संवादाच्या बाबतीत तर तो वहीत आधीपासून नाही ना, याची खात्री करण्यासाठी साखळी शेवटापर्यंत पाहावी लागते. नवी नोंद साखळीच्या आरंभी गुंफली जाते, त्यामुळे मृत नोंदी हळूहळू शेवटाकडे साचतात; चालू संवादाची नोंद लौकर सापडते, पण नव्याला सगळे मृत ओलांडून जावे लागते. या प्रोसेसराची कॅश अवघ्या काही किलोबाइटांची होती. साखळीतील कड्या स्मृतीत विखुरलेल्या असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक कडीला मुख्य स्मृतीपर्यंत जाऊन येणे भाग पडे, आणि तितका वेळ प्रोसेसर नुसता थांबून राही. वही मोठी केली म्हणून नकार थांबले, पण प्रत्येक पॅकेटामागचे श्रम वाढले, असा हा व्यवहार होता.

पॅकेटामागचे श्रम हा शब्दप्रयोग येथे मुद्दामच केला आहे. राउटरची गती प्रतिसेकंद मेगाबिटांत सांगण्याचा प्रघात असला तरी प्रोसेसरचा खर्च प्रामुख्याने पॅकेटांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या लांबीवर नव्हे. पॅकेट १,५०० बाइटांचे असो वा १५० बाइटांचे, त्याच्यासाठी वही तितकीच चाळावी लागते, पत्ता तितकाच बदलावा लागतो. दर सेकंदाला एक कोटी बिटांचा प्रवाह मोठ्या पॅकेटांतून वाहिला तर ती सुमारे ८३३ भरतात. लहान पॅकेटांतून वाहिला तर ८,३३३. २०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला पहिल्या स्थितीत प्रत्येक पॅकेटामागे २,४०,००० चक्रे मिळतात, आणि दुसऱ्या स्थितीत २४,०००. हा एकूण वेळ आहे. त्यातच पॅकेट आल्याची सूचना घेणे, ते स्मृतीत हलविणे, संरक्षक नियमांची यादी तपासणे आणि वायरलेस भागाची देखरेख करणे ही कामे उरकावयाची असतात. बिटटॉरेंटचे शोधप्रश्न, आवाजी संभाषण, संगणकीय खेळ यांची पॅकेटे लहान असतात. म्हणून जोडणीचा वापर मेगाबिटांत नगण्य दिसत असतानाही प्रोसेसर पूर्ण व्यापलेला असू शकतो.

प्रोसेसर व्यापला म्हणजे गती त्या पातळीवर स्थिरावते असेही नाही. मोगल आणि रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले होते की, पॅकेट आल्याच्या सूचनेला इतर सर्व कामांपेक्षा अग्रक्रम देणाऱ्या यंत्रावर भार एका मर्यादेपलीकडे गेला तर त्याचे प्रत्यक्ष कार्य वाढत तर नाहीच, उलट घटू लागते. यंत्र आलेल्या पॅकेटांची दखल घेण्यातच गुंतते. ती पुढे धाडण्यास त्याला वेळ उरत नाही, आणि दखल घेतलेली पॅकेटे शेवटी टाकून दिली जातात. राउटरचे व्यवस्थापनाचे पान उघडेनासे होणे हे या अवस्थेचे सहज दिसणारे चिन्ह होय. वही भरल्यावर जुने संवाद चालू राहून नवे अडतात. प्रोसेसर थकल्यावर जुने आणि नवे सारखेच रखडतात. दोन विकारांमधील हा भेद बाहेरूनही पारखता येतो.

तिसरे एक कारण येथे वगळून चालणार नाही, कारण अनेक उपकरणांमुळे येणारा मंदपणा पुष्कळदा त्याच्यामुळेच असतो, आणि त्याचा प्रोसेसर वा स्मृतीशी संबंध नसतो. वायरलेस जोडणीत सर्व उपकरणे एकच आकाशमार्ग पाळीपाळीने वापरतात. ह्यूस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, एक उपकरण दूर असल्यामुळे मंद गतीने बोलत असेल तर त्याची प्रत्येक पाळी लांबते, आणि जवळची वेगवान उपकरणेही जवळजवळ त्याच्याच गतीला येऊन ठेपतात. महागडा प्रोसेसर बसवून यात काही फरक पडत नाही. एक संगणक तारेने जोडून पाहावा; तारेवर सर्व सुरळीत आणि वायरलेसवर मंद असे आढळल्यास दोष या मार्गात आहे, राउटरच्या बुद्धीत नाही. मात्र चाचणी घरातील दोन संगणकांमध्ये घेऊ नये. तारेने जोडलेल्या दोन संगणकांमधील देवघेव अंतर्गत स्विच परस्पर उरकतो, प्रोसेसरला तिची वार्ताही नसते. त्यामुळे त्या चाचणीतून प्रोसेसरविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आता पुन्हा डब्ल्यूआरटी५४जीकडे वळावयाचे. २००५ च्या उत्तरार्धात या उपकरणाची पाचवी आवृत्ती बाजारात आली. पेटी तीच, नाव तेच, आणि २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसरही चौथ्या आवृत्तीतलाच. परंतु कार्यस्मृती १६ वरून ८ मेगाबाइट आणि स्थायी स्मृती ४ वरून २ मेगाबाइट करण्यात आली होती. लिनक्स काढून त्याच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही अधिक आटोपशीर आज्ञावली घालण्यात आली, म्हणूनच ही काटकसर शक्य झाली. न्यायाने बोलावयाचे तर स्मृती निम्मी झाली म्हणजे सामर्थ्यही निम्मे झाले, असे म्हणता येत नाही. व्हीएक्सवर्क्सला स्वतःसाठीच कमी जागा लागे, आणि लिनक्सचे नोंदवहीचे सूत्र तिला लागू नव्हते. पण २००६ मध्ये डीडी-डब्ल्यूआरटी या प्रकल्पाची छाटलेली आवृत्ती जेव्हा या आठ मेगाबाइटांच्या यंत्रावर चालविण्यात आली, तेव्हा लिनक्सचे मूळ सूत्र पुन्हा लावल्यास काय येते हे पाहता येते : ६४ कप्पे आणि ५१२ नोंदी. वरील उदाहरणातील घरात तीनशे जिवंत संवाद वजा जाता २१२ पाने उरतात, आणि ती १०६ मिनिटांत, म्हणजे पावणेदोन तासांत, संपतात. सायंकाळी सहाचे काम आठ वाजण्यापूर्वीच अडते. ज्या ग्राहकाने शेजाऱ्याकडील चौथी आवृत्ती पाहून पाचवी विकत घेतली, त्याला हा फरक तळाशी चिकटविलेल्या बारीक अक्षरांच्या पट्टीखेरीज कोठेही दिसत नव्हता. काटकसर करण्याचा उत्पादकाचा अधिकार मान्य करूनही, त्याच नावाखाली ती करणे समर्थनीय ठरत नाही. त्याच सुमारास कंपनीने लिनक्स आणि मूळचे १६ मेगाबाइट कायम ठेवणारे डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे उपकरण विक्रीस ठेवले. पूर्वी जे साध्या नावात मिळत असे त्यासाठी आता आणखी एक अक्षर आणि अधिक किंमत द्यावी लागू लागली.

स्मृती वाढविण्याचा खर्च न करता या अडचणीतून बरीच वाट काढता येते, हे मात्र त्यानंतर काही वर्षांनी स्पष्ट झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५३८२ मध्ये, पत्त्यांचे भाषांतर करणाऱ्या यंत्राने निःशब्द पण प्रस्थापित टीसीपी संवाद किमान २ तास ४ मिनिटे राखावा, असा दंडक घालण्यात आला. हे प्रमाण किमान असले तरी राउटरसाठी खुल्या आज्ञावली रचणाऱ्यांनी पुढे तेच स्वीकारले. ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाच्या आज्ञावलीत ४,३२,००० च्या जागी ७,४४० सेकंदांची मुदत दिसते. पूर्वीच्या उदाहरणात एवढाच बदल करून पाहावा. दर मिनिटाला दोन मृत नोंदी पडतात आणि प्रत्येक १२४ मिनिटांनी पुसली जाते. तेव्हा साचून राहणाऱ्या मृत नोंदी कधीही २४८ च्या वर जात नाहीत. तीनशे जिवंत धरून ५४८. हजार चोवीस पानांची वही मध्यरात्रीच काय, महिनाभरानेही भरत नाही. प्रोसेसर तोच, स्मृती तीच, उपकरणे तीच. आठ मेगाबाइटांच्या यंत्राला मात्र हाही उपाय थोडक्यात अपुरा पडतो. तेथे मर्यादाच ५१२ ची आहे.

पुढील काळात मर्यादेची जागा हळूहळू सरकली. नोंदींची संख्या हजारांवरून सोळा हजारांपर्यंत नेणे सुलभ झाले. पण जोडण्यांची गती त्याहून वेगाने वाढली, आणि स्वस्त प्रोसेसरला प्रत्येक पॅकेट स्वतः हाताळणे अशक्य झाले. यावर उत्पादकांनी काढलेली युक्ती अशी की, संवादाची पहिली काही पॅकेटे प्रोसेसरने पाहावीत, वहीत नोंद करावी, आणि तो संवाद एका आखून दिलेल्या जवळच्या वाटेवर सोडून द्यावा. नंतरची पॅकेटे चिपमधील स्वतंत्र यंत्रणेतून परस्पर निघून जातात. २०१८ च्या लिनक्स ४.१६ मध्ये अशा जवळच्या वाटेला रीतसर स्थान मिळाले, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या १८.०६ या आवृत्तीत ती उपलब्ध झाली. वेष्टनावरील मोठे आकडे बहुधा या वाटेवरचे असतात. त्या वाटेने जाणाऱ्या पॅकेटांना प्रोसेसर पाहतच नाही. त्यामुळे प्रत्येक उपकरणाचा वापर मोजणे, एखाद्याला अग्रक्रम देणे किंवा मजकूर चाळणे यांपैकी काही चालू केले की पॅकेटे पुन्हा लांबच्या वाटेवर येतात, आणि राउटरची गती एकदम उतरते. एकाच राउटरवर एकाच दिवशी हा पर्याय चालू आणि बंद ठेवून तारेवरची गती मोजली, म्हणजे त्याच्या प्रोसेसराचे खरे सामर्थ्य किती आणि उसने किती, हे घरबसल्या कळू शकते.

नव्या संवादाची पहिली पॅकेटे मात्र आजही लांबच्या वाटेनेच जातात. त्यामुळे जेथे थोडे पण दीर्घ संवाद आहेत, उदाहरणार्थ दोन दूरचित्रवाणी संच चित्रपट दाखवीत आहेत, तेथे स्वस्त राउटर महागाच्या बरोबरीने चालतो. तीस भ्रमणध्वनी आणि दिव्यांपासून कॅमेऱ्यांपर्यंतची लहानसहान उपकरणे क्षणोक्षणी छोटे छोटे प्रश्न विचारून गप्प बसतात तेथे ही जवळची वाट फारशी उपयोगी पडत नाही, आणि उपकरणाला पुन्हा आपल्या प्रोसेसरावर व वहीच्या पानांवरच विसंबावे लागते.